पिएराची डावी पापणी

दोन अंडी. एक पांढरं, एक तांबूस. तांबूस अंड्याला कोंबडीचं बारीकसं पीस चिकटलेलं.

*

आमच्या गावात नदी चढायला लागली की आधी वास बदलतो. कातडी कमावणाऱ्यांच्या कुंडांचा वास पाण्यावरून उलटा वर येतो. मग कुत्री टेकडीच्या वाटेला लागतात. मग माणसं.

*

पिएराची डावी पापणी उजवीपेक्षा खाली असायची. नव्या माणसाला वाटायचं, पोरीला झोप आलीय. जुन्याला माहीत होतं की ती त्याच डोळ्याने पाव मोजते आणि कधी चुकत नाही.

*

वाळलेली भिंत रंग अंगावर घेते. ओली भिंत तो पोटात घेते.

*

पाव भाजणाऱ्या मोन्ना दियामांतेची भट्टी पहाटे पेटते. पहिला घाणा बाहेर आला की ती एप्रन न काढता देवळात येते, उजवीकडच्या भिंतीसमोर थोडी उभी राहते आणि परत जाते. प्रार्थना करत नाही. देवळाच्या पुजाऱ्याने, फ्रा बेन्चीने, एकदा तिला त्यावरून टोकलं, तर म्हणाली, मी देवाकडे आलेच नाहीये.

*

सरस वेगळा, अंडं वेगळं. निळ्याला अंडं चालत नाही, बलकाचा पिवळा निळ्यात उतरतो आणि देवाच्या आईचा झगा शेवाळासारखा दिसतो.

*

हे सगळं शेवटी एका भिंतीवर येऊन थांबतं, आणि भिंतीवर चिखल आहे.

*

पाणी रात्रीतून चढलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. संत वीतोचं देऊळ नदीला इतकं लागून आहे की आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, त्यामुळे गावात गुडघाभर होतं तेव्हा देवळात माणूस बुडेल एवढं होतं. आम्ही दार ढकललं तेव्हा बाकडी एकमेकांवर चढलेली, आणि भिंतींना चारी बाजूंनी सारख्या उंचीवर एक रेघ. रेघेच्या वर माझ्या नवऱ्याने काढलेलं आभाळ, डोंगर, एलिझाबेथच्या घराचं छप्पर, आणि या नातलगबाईला भेटायला आलेल्या मरियमचं, देवाच्या आईचं, डोकं. रेघेच्या खाली सगळं तपकिरी. मरियम खांद्यापासून खाली नव्हतीच. तिच्या मागे खालच्या पायरीवर पावाची टोपली घेऊन उभी असलेली पोर तर पूर्ण गेली होती, डोक्यावरच्या रुमालासकट.

ती पोर म्हणजे पिएरा. दियामांतेची. आदल्या वर्षीच्या थंडीत तापाने गेली.

गेलेल्या पोरीचं दुसरं काही राहिलं नव्हतं. तापात माणूस गेलं की कपडे जाळतात, ते जाळले. केसांची वेणी आईने मागितली होती, तीही कुणी दिली नाही. राहिली होती ती भिंतीवरची, आणि तीही माझ्या नवऱ्याने, स्तोल्दोने, दियामांतेच्या पावाची आठवण ठेवून काढलेली. काम चालू होतं तेवढे दिवस दियामांते परांचीखाली गरम पाव आणून ठेवायची. स्तोल्दो म्हणाला, एलिझाबेथकडे मरियम रिकाम्या हाताने कशी जाईल, मागे पाव घेऊन कुणीतरी हवंच.

स्तोल्दो पुराआधीच्या ऑगस्टमध्ये गेला. म्हणजे विचारायला तोही नव्हता.

*

विचारायचं काय होतं, ते सांगते.

आमच्या धंद्यात भिंतीला दोन अंगं असतात. आतला गिलावा खरबरीत, जाड रेतीचा. त्यावर काळजी न करता कावेने चित्राची आखणी करायची. मग रोज सकाळी गवंड्याने त्या आखणीवर बारीक चुन्याचा पातळ हात द्यायचा, पण फक्त तेवढ्याच जागेवर जेवढी चित्रकार त्या दिवसात रंगवून पुरी करील. आभाळ असलं तर अंगणाएवढी. चेहरा असला तर ताटाएवढी. चुना खड्ड्यात मुरलेला हवा, लोण्यासारखा. रंग नुसत्या पाण्यात वाटलेला. सरस नाही, अंडं नाही, काही नाही. गिलावा ओला आहे तोवर रंग लावायचा. मग चुना वाळताना आपलं पाणी वर टाकतो, त्या पाण्याबरोबर चुनाही वर येतो आणि हवा लागून रंगावर काचेसारखी साय धरतो. तो रंग मग भिंतीवर नसतो, भिंतच असतो. ती साय धरली की हजार ओल्या हातांनी पुसा.

संध्याकाळी कुंचला अडखळायला लागतो. भिंत भराभर पाणी ओढते, रंग पसरत नाही. तेव्हा थांबायचं. उरलेला न रंगवलेला गिलावा करणीने तिरपा कापून टाकायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशीचा हात त्या तिरप्या कडेवर थोडा चढवून द्यायचा. अशी प्रत्येक दिवसाची एक कड राहते. डोळ्याला दिसत नाही. बोटाला लागते.

हे झालं खरं काम.

आणि एक असतं चोरकाम. वाळल्यावर वाटलं, नाक जरा लांब झालं, तर अंड्याच्या बलकात रंग कालवायचा आणि वरून मारायचा. दिसायला सुरेख, कधीकधी ओल्यापेक्षा सुरेख. फक्त ते भिंतीचं होत नाही. ओल आली, धूर आला, कुणी ओलं फडकं फिरवलं की जातं. निळा तर असाच लावावा लागतो, तो दगड वाटून केलेला, चुन्यात जमत नाही, म्हणून काळपट तांबडा हात खाली देऊन वरून सरसात. निळ्याला कुणी चोरकाम म्हणत नाही. पण चेहऱ्याला म्हणतात.

माझा नवरा चेहऱ्यांना अंडं लावायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. शेजारच्या गावातला सोनार त्याला आम्लेटवाला म्हणायचा.

*

पिएराचा चेहरा त्याने पहिल्यांदा काढला तेव्हा दोन्ही डोळे सारखे काढले. मी रंग वाटत होते, मला दिसत होतं. वाटलं, मेलेल्या पोरीला आदराने काढतोय.

दोन दिवसांनी दियामांते आली. परांचीवर चढू दिलं तिला. बराच वेळ बघत राहिली.

"कुणाची तरी छान मुलगी आहे," ती म्हणाली. "माझी नाही."

स्तोल्दोचा चेहरा पडला. मग तो फुगला. दिवसभर कुणाशी बोलला नाही, बूतो गवंड्याशीसुद्धा नाही. आणि बूतोशी न बोलणं म्हणजे स्तोल्दोला श्वास न घेण्यासारखं. रात्री जेवताना म्हणाला, बघतो काहीतरी.

बघतो म्हणजे दोन वाटा. एक, तयार चेहरा छिन्नीने खरबरीत गिलाव्यापर्यंत उतरवायचा, ती जागा भिजवायची, बूतोकडून नवा हात द्यायचा आणि त्या एका दिवसात ओल्यावर पुन्हा सगळा चेहरा काढायचा, हिरव्या मातीच्या पहिल्या हातापासून. दोन, बलकात थोडी काव, थोडा काळा, आणि डाव्या पापणीवर चार फटकारे. देवळातली मिस्सा संपायच्या आत काम संपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या वाडीला निघाले होते, बहिणीचं बाळंतपण होतं. खेचरावर बसणार तेवढ्यात तो बाहेर आला.

"अगं, दोन अंडी दे जरा," म्हणाला. "काम आहे."

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे अंडं कुणी तोंडात घालत नाही. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, खारवलेला मासा आणि चणे. कोंबड्यांना हे माहीत नसतं, त्या घालतच राहतात, आणि अंडी कोंड्यात साठत जातात. त्या दिवसांत चित्रकार अंडी मागतो ते कशाला, हे बायकोला समजायला लागत नाही. निळ्याला अंडं चालत नाही, आणि तसंही निळा लावून झाला होता. मी कोंड्यात हात घालून दोन काढून दिली. एक पांढरं, एक तांबूस.

परत आले तेव्हा परांची उतरली होती, फ्रा बेन्ची खुश होता, आणि भिंतीवरच्या पोरीची डावी पापणी खाली आली होती. दियामांते तिच्यासमोर एप्रन घालून उभी होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि माझा हात दाबला. तिच्या हाताला पीठ होतं.

मला आनंद झाला. आणि मला वाटलं, चार फटकारे आणि दोन अंडी. मी भिंतीच्या जवळ गेले नाही. आपल्या नवऱ्याची सवय माहीत असली की बाई तपासत बसत नाही.

*

तर चिखल.

फ्रा बेन्चीने शेगड्या मागवल्या होत्या. दोन लोखंडी शेगड्या, कोळशाचं पोतं. भिंत सुकवू, मग चिखल आपोआप पापुद्रे होऊन पडेल, असं त्याचं म्हणणं. माणूस वाईट नाही. फक्त घाई फार, आणि थंडी अजिबात सोसत नाही.

मी म्हटलं, पापुद्रे पडतील, त्यांच्याबरोबर मरियमही पडेल. ओला चिखल नुसता बसलेला असतो. वाळायला लागला की तो आकसतो, आणि आकसताना ज्याला धरलंय त्याला घेऊन येतो. धुवायचं तर आत्ता, ओलं आहे तोवर. टेकडीवरच्या झऱ्याचं स्वच्छ पाणी, मऊ स्पंज, चोळायचं नाही.

"आणि धुताना जाणार नाही कशावरून?" फ्रा बेन्चीने विचारलं.

मला दियामांतेकडे बघवत नव्हतं. ती पाठीमागे उभी होती, दोन्ही हातांत पाण्याचा घडा, भट्टीतून सरळ आलेली. तिची भट्टीही बुडाली होती. ती आधी इकडे आली होती.

तिने घडा खाली ठेवला. बाह्या वर केल्या. बाकडं भिंतीला लावलं आणि चढायला लागली.

मी तिचा दंड धरला. सांगायलाच हवं होतं. न सांगता धुतलं असतं आणि रुमालाखालून ती दुसरीच पोर बाहेर आली असती, सारख्या डोळ्यांची, कुणाची तरी छान मुलगी, तर मग काय. मी तिला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. अंडी. उपासाचे दिवस. बलकातला रंग पाण्याने सुटतो. आणि न धुता ठेवला तर चिखलाबरोबर जातो. म्हणजे दोन्हीकडून. मी सांगितलं की पिएरा खाली नसेलही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बूतोला माहीत असेल ना. तोच होता त्या दिवशी.

बूतो नदीपलीकडे होता. चुन्याच्या भट्टीवरून गाडी घेऊन यायचा होता, आणि पूल वाहून गेला होता. पलीकडची माणसं दिसत होती, हातवारे करत होती. हातवाऱ्यांनी एवढं विचारता येत नाही.

"तो येईपर्यंत?" ती म्हणाली.

वाळेल, मी म्हटलं.

ती भिंतीकडे वळली. तपकिरी भिंत, बघण्यासारखं काही नाही.

"तूच धू," ती म्हणाली. "तुझा हात हलका आहे. मी पाणी देते."

*

वरून सुरुवात करायची, नाहीतर घाण पाणी धुतलेल्यावर ओघळतं. पण मी आधी खाली, कोपऱ्यात, जिथे नुसतं गवत होतं तिथे स्पंज टेकवून पाहिला. चिखल सुटला आणि गवत आलं. हिरवी मातीच, मार्चमध्ये लावली तेव्हा होती तशीच. हे ओल्यावर झालेलं. मला माहीतच होतं, मीच तो रंग वाटला होता. तरी बरं वाटलं.

मग बाकड्यावर चढले आणि रेघेपासून खाली यायला लागले. पहिला आला मरियमचा खांदा.

स्पंज पिळला आणि बादलीतलं पाणी निळं झालं.

दियामांतेने बादलीत पाहिलं. तिचा हात कडीवरून सुटला आणि बादली दगडावर आपटली, सांडली नाही तरी. फ्रा बेन्ची पायऱ्यांवरून आवाज देत खाली आला. देवाच्या आईचा झगा, देवाच्या आईचा झगा, एवढंच म्हणत होता. मी पुन्हा एक हात फिरवला, अगदी हलका, आणि उरलेला निळा असा आला जसा पावावरून पीठ. खाली काळपट तांबडा.

मी म्हटलं, हा सरसातला होता, हा जाणारच होता. पाण्यात बुडला तेव्हाच गेला, मी फक्त बादलीत घेतला. यावरून पोरीचं काही कळत नाही. मी हे दियामांतेला सांगत होते, पण माझ्याच कानाला ते खरं वाटत नव्हतं. सरस काय, अंडं काय. वाळल्यावर लावलं ते लावलंच.

एलिझाबेथचे हात आले. धरलेले, मरियमच्या मनगटावर. ते राहिले. स्तोल्दोने ते हात एका दिवसात काढले होते, मोठ्या थंडीत, जेव्हा भिंत हळू ओढते आणि चित्रकाराला दिवस लांब मिळतो. हात काढायला त्याला आवडायचं. हातांना कुणी आई येऊन नावं ठेवत नाही, असं म्हणायचा.

मग टोपली. आधी टोपली का घेतली, कुणी विचारू नका. चेहरा वर होता, आधी चेहरा यायला हवा होता. माझा स्पंज त्याला वळसा घालून खाली गेला. टोपली आली, पाव आले, त्यांच्यावरचे चिरे आले, दियामांते देते तसे तिरपे. तिने खालून पाणी बदलून दिलं आणि म्हणाली, पाव बरे भाजलेत. मी हसले नाही, ती हसली नाही, पण तिने ते म्हटलं.

मग चेहऱ्याशिवाय काही उरलं नाही.

*

(इथे मी बराच वेळ बाकड्यावर नुसती उभी होते. फ्रा बेन्चीने विचारलं, शेगडी तरी पेटवू का, स्वतःसाठी. दियामांते म्हणाली, पेटवलीत तर तुम्हालाच तिच्यात बसवीन. त्याने पेटवली नाही.)

*

मी स्पंज बादलीत टाकला. उघड्या बोटांनी चिखलावर हात ठेवला, जिथे गळा असायला हवा तिथे. गार, मऊ. बोटं हळू वर नेली, हनुवटीच्या बाजूला, मग कानाकडे. काही शोधत नव्हते. निरोप घेतात तसा हात फिरवत होते बहुतेक.

आणि बोटाला कड लागली.

मी थांबले. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. कड. नखाच्या जाडीची, पण कड. मी तिच्यावरून गेले. रुमालाच्या बाहेरून वर, कपाळावरून, पलीकडच्या कानामागून खाली, पुन्हा गळ्याशी. जिथून निघाले तिथेच आले. चिखलाखाली एक गोल होता, ताटाएवढा.

आदल्या कामात तिथे कड असण्याचं कारण नव्हतं. तो चेहरा, गळा आणि खांदे त्याने एकाच दिवसात काढले होते, मी तिथेच होते, एकच हात होता, सलग. आणि हा गोल आजूबाजूच्या गिलाव्याच्या वर चढला होता. वरचा नंतरचा. नेहमी.

कुणीतरी इथे छिन्नी चालवली होती. तयार झालेला, पुजाऱ्याला आवडलेला चेहरा खरबरीत गिलाव्यापर्यंत उतरवला होता. कुणीतरी ताटाएवढा नवा चुना दिला होता, आणि कड दाबून बसवली होती बूतो दाबतो तशी, अंगठ्याने. आणि चार फटकाऱ्यांसाठी कुणी हे करत नाही.

"काय झालं?" दियामांतेने खालून विचारलं.

मी तिला वर ओढलं. बाकडं दोघींचं नव्हतं, करकरलं. मी तिचं बोट धरून त्या कडेवर ठेवलं आणि फिरवलं, गळ्यापासून गळ्यापर्यंत. तिचं बोट भट्टीने भाजून राठ झालेलं, मला वाटलं तिला काही लागणार नाही. लागलं.

"हे काय?"

"स्तोल्दोने सगळं पुन्हा केलं," मी म्हटलं. "ओल्यावर."

तिला धंद्यातलं कळत नव्हतं, पण मला कळत होतं हे तिला कळलं. तिने बादलीतून स्पंज उचलला. मला दिला नाही. स्वतः पिळला आणि स्वतः लावला, कपाळावर, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा. मी म्हणणार होते चोळू नकोस. म्हटलं नाही. आता चोळलं तरी चाललं असतं.

चिखल ओघळला. रुमालाची कड. कपाळ, त्याच्या खालून अजून डोकावणारी हिरवी माती, स्तोल्दो ती कधी पुरती झाकायचा नाही. उजवा डोळा, उघडा. मग डावा.

पापणी खाली होती.

दियामांतेने पुन्हा पाणी घेतलं आणि पुन्हा पुसलं. मग पुन्हा. मला वाटतं तिला खात्री करायची नव्हती. तिला फक्त पुसायचं होतं. प्रत्येक वेळी पापणी तिथेच. बादलीतलं पाणी चिखलाचं होतं, फक्त चिखलाचं.

"झोप आलीय असं वाटतं," फ्रा बेन्ची खालून म्हणाला. तो नवीन होता, पिएराला त्याने पाहिलं नव्हतं.

"पाव मोजतीय," दियामांते म्हणाली.

आणि मग ती बाकड्यावर बसली आणि रडली, आणि रडता रडता मला म्हणाली की माझ्या एप्रनला निळा रंग लागलाय, आता हा जायचा नाही. मी म्हटलं, हा जातो, हाच तर जातो. मग आम्ही हसलो, दोघी, चिखलात पाय घालून बसलेल्या, आणि बाकडं मोडलं.

*

फ्रा बेन्चीला मरियमचं दुःख होतं. आता ती काळपट तांबड्यात उभी होती, निळा फक्त डोक्यावरच्या पदराला, जिथे पाणी पोचलं नव्हतं. त्याला वाटत होतं लोक हसतील. मी म्हटलं, एवढ्या चिखलातून चालत एलिझाबेथकडे गेल्यावर कुणाचाही झगा असाच दिसेल. ते त्याला इतकं आवडलं की पुढच्या रविवारी त्याने ते प्रवचनात स्वतःचं म्हणून सांगितलं.

निळा पुन्हा लावता आला असता. कुणी लावला नाही. आधी दगड मिळाला नाही, नंतर सवय झाली.

*

घरी आल्यावर मला राग आला. सगळं सुटल्यावर येतो तो राग, बिनकामाचा, छान. मी स्वयंपाकघरात उभी राहून मेलेल्या नवऱ्याला विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस. छिन्नी लावलीस, बूतोला कामाला लावलंस, एका दिवसात आख्खा चेहरा ओल्यावर काढलास, आयुष्यात एकदा चेहऱ्याला हात न आखडता केलंस, आणि बायको परत आल्यावर नुसता चणे खात बसलास. आम्लेटवाला. दुसरा कुणी असता तर गावभर सांगत फिरला असता.

आणि तरी एक गोष्ट जुळत नव्हती. अंडी. मी ती स्वतःच्या हाताने दिली होती. सरसात गेली नाहीत, चुन्यात गेली नाहीत, चेहऱ्यावर गेली नाहीत. मी त्याच्या रंगांच्या वाट्या काढून पाहिल्या, त्याच्या मागे कुणी धुतल्या नव्हत्या. काव होती, पिवडी होती, चुन्याचा पांढरा होता, हिरवी माती होती. तीन वाट्या मांसल गुलाबी, फिका, त्याहून फिका, सगळ्या नुसत्या पाण्यातल्या, नखाने खरवडल्या तर भुकटी. बलकाचा चिकटा एकीलाही नाही.

मग मी तो विचार सोडला. पूर उतरला होता, कोंबड्या परत आल्या होत्या, आणि दियामांते दुसऱ्या दिवशी सकाळी एप्रन न काढता देवळात गेली. भट्टी अजून ओली होती, पाव नव्हता, तरी गेली.

नवा लाकडी पूल झाल्यावर बूतो गाडी घेऊन अलीकडे आला, पण त्या मार्च महिन्याबद्दल काही विचारलं की चुन्याची चौकशी करायला लागायचा, आणि मी जास्त ताणलं नाही. चेहरा होता. ईस्टरच्या जेवणाला, दुसरा पेला झाल्यावर, त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, आणि म्हणाला की त्याने मेलेल्या माणसाला वचन दिलं होतं, पण आता फ्रा बेन्ची स्तोल्दोला थोडीच शिक्षा देणार आहे.

पिएराचा चेहरा उतरवायच्या आधी स्तोल्दोला भूक लागली होती, आणि त्याने उपासाच्या शुक्रवारी, परांचीवर बसून, ती दोन्ही अंडी कच्चीच मीठ घालून खाल्ली होती.